भडंगाचं पार्सल: वजन 1150 ग्रॅम, पैसे तीन किलोचे. डिलिव्हरी चार्ज कसा लावायचा?

खाऊवाली_रंकाळा

नमस्कार मंडळी. मी घरी भडंग, चकली आणि शेंगदाण्याचे लाडू करून विकते. आधी ओळखीत चालायचं, तीन महिन्यांपूर्वी वूकॉमर्सवर छोटं ऑनलाइन दुकान उघडलं. एफएसएसएआयची नोंदणी झाली आहे, 14 आकडी नंबर पाकिटावर छापून घेतला आहे. त्यामुळे प्रश्न त्याचा नाही, पाठवण्याच्या खर्चाचा आहे.

गेल्या आठवड्यात पुण्याला अर्ध्या किलोच्या भडंगाची दोन पाकिटं कुरिअरने पाठवली. खोक्यासकट वजन काट्यावर 1150 ग्रॅम भरलं. बुकिंग करताना दीड किलोच्या हिशोबाने 139 रुपये कापले गेले. माझा दर पहिल्या अर्ध्या किलोला 42, पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला 38 आणि वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे हिशोब बरोबर होता. चार दिवसांनी वॉलेटमधून आणखी 134 रुपये गेले. कारण लिहिलं होतं, वजनात तफावत. गिऱ्हाइकाकडून मी डिलिव्हरीचे 70 घेतले होते. माल 320 चा. फोन केला तर पलीकडून "सिस्टीमने कापलेत" एवढंच उत्तर.

काटा माझा नवा आहे, त्यावर किलोचं वजन ठेवून तपासला, बरोबर दाखवतो. मग तीन किलो आले कुठून? आणि दुकानात डिलिव्हरी चार्ज नेमका किती लावू?

पेठेतला_भाऊ

ताई, सरळ फसवणूक हाय ही. दुसरा कुरिअर धरा. आणि डिलिव्हरी फ्री लिहा बघा, गिऱ्हाईक त्यालाच भुलतंय. खर्च मालाच्या किमतीत घालून टाकायचा. किलोला 320 चं 500 करा, कोण इचारतंय!

शाहूपुरी_पार्सल

फसवणूक नाही भाऊ. मी पंधरा वर्षं कुरिअरचं काउंटर चालवलंय, हे रोज बघितलंय.

ताई, खोक्याची मापं सांगा. बाहेरून, सेंटिमीटरमध्ये. लांबी, रुंदी, उंची.

खाऊवाली_रंकाळा

आत्ता टेप लावली. 32, 25 आणि 18. लक्ष्मीपुरीतून तयार खोकी आणते, हाच आकार शिल्लक होता.

शाहूपुरी_पार्सल

मग उत्तर त्यातच आहे. तिन्ही मापांचा गुणाकार करा, 14400 येतो. त्याला 5000 ने भागा, 2.88. कुरिअरच्या लेखी तुमचं पार्सल 2.88 किलोचं, म्हणजे अर्ध्या किलोच्या टप्प्याने तीन किलोचं. खरं वजन आणि हे आकाराचं वजन यांत जे जास्त असेल त्याचे पैसे लागतात. तीन किलोचे 42 अधिक पाच वेळा 38, म्हणजे 232. जीएसटी धरून 273 रुपये 76 पैसे. आधी 139 गेले होते, उरलेले 134 नंतर कापले. रुपयापर्यंत जुळतंय बघा.

हबवर पट्ट्यावरून खोकं जातं तेव्हा मशीन माप घेतं. तुम्ही बुकिंगला फक्त वजन भरलंत, मापं भरली नाहीत किंवा अंदाजाने भरलीत, म्हणून चार दिवसांनी धक्का बसला. गाडीत जागा संपते, वजन नाही, म्हणून जागेचे पैसे घेतात. चुरमुऱ्याइतका जागा खाणारा माल दुसरा नाही. चकली पाठवली असती तर हा प्रश्न उठलाच नसता.

5000 हा आकडा बहुतेक ठिकाणी असतो, पण तुमच्या करारात काय लिहिलंय ते बघून घ्या. टप्पाही अर्ध्या किलोचाच असतो असं नाही, काही योजनांत थेट दोन किलोपासून सुरुवात असते.

सांगलीच्या_काकू

अगं, भडंग मऊ पडत असेल तर चुरमुरे आधी उन्हात किंवा कढईत कोरडे भाजून घे. फोडणी गार झाल्याशिवाय पाकीट बंद करायचं नाही, आतल्या वाफेनेच सादळतं. आणि लसूण पूर्ण कुरकुरीत तळलेला हवा, त्यात ओल राहिली की चार दिवसांत वास येतो.

मी मुलाला दर महिन्याला पुण्याला ट्रॅव्हल्सने पार्सल देते. रात्री गाडीत टाकलं की सकाळी तो जाऊन घेतो. सेंटिमीटर कोणी मोजत नाही.

खाऊवाली_रंकाळा

काकू, लसणाचं लक्षात ठेवते. प्रश्न मऊ पडण्याचा नव्हता, पण दूर पाठवताना तेही लागणारच. ट्रॅव्हल्सने ओळखीच्या माणसाला पाठवता येतं. अनोळखी गिऱ्हाईक पहाटे साडेपाचला गाडी गाठायला येणार नाही, आणि पार्सल कुठे पोहोचलं ते मोबाइलवर दिसतही नाही.

शाहूपुरीदादा, खूप आभार. मग खोकं लहान करू? भडंग दाबलं तर चुरा होतो. व्हॅक्यूम करून बघितलं होतं, चुरमुरे चपटे झाले.

शाहूपुरी_पार्सल

व्हॅक्यूम नकोच. पाकिटात वरची तीन बोटं हवा असते, ती हाताने हलकेच काढून सील करा. मग दोन्ही पाकिटं आडवी, एकावर एक ठेवून मापा आणि त्या मापाचं खोकं बनवून घ्या. पन्नासभर घेतलीत तर खोकीवाला मापाने करून देतो.

खाऊवाली_रंकाळा

आज हेच करून बघितलं. दोन पाकिटं 30 × 20 × 15 मध्ये बसली. गुणाकार 9000, म्हणजे 1.8 किलो, टप्पा दोन किलोचा. 156 आणि जीएसटी, एकूण 184. आधीच्या 273 वरून इथे आले. पण भरल्यावर झाकण थोडं फुगतं, टेपने ओढून बंद करावं लागतं. चालेल ना?

शाहूपुरी_पार्सल

नाही चालणार, आणि इथेच पुष्कळ लोक अडकतात. फुगलेलं खोकं मशीनला फुगलेलंच दिसतं. तिन्ही बाजूंनी एकेक सेंटिमीटर वाढला तर 31 × 21 × 16, म्हणजे 10416. भागिले 5000, 2.08. दोन किलो ओलांडले की अडीचचा टप्पा. एका सेंटिमीटरच्या फुगवट्याला जीएसटीसकट जवळजवळ 45 रुपये. एकतर पाकिटात 480 ग्रॅम भरा आणि तेच छापा, नाहीतर खोकं अर्धा सेंटिमीटर मोठं घ्या: 30.5 × 20.5 × 15.5 केलं तरी 1.94 च होतं.

दुसरं, प्रत्येक पार्सलचे तीन फोटो काढायची सवय लावा. काट्यावर ठेवलेलं, टेप लावलेलं आणि पत्त्याचं लेबल दिसणारं. जास्तीचे पैसे कापले की ठरावीक दिवसांत हरकत घ्यायची असते. फोटो नसेल तर हरकत टिकत नाही. फोटोवर मी माझ्या गिऱ्हाइकांचे पैसे परत मिळवून दिलेत.

वेबकाम_पुणेकर

मी दुकानांच्या साइट बनवतो. हिशोब कळला, आता तो दुकानात घालू. ताई, तुमच्या दराने भडंगाचं एक पाकीट म्हणजे ढोबळ एक किलोची जागा. एका पाकिटाला 94, दोनला 184, तीनला 273. म्हणजे सुरुवातीचे 5 आणि पाकिटामागे 90. `Flat rate` च्या मूळ `Cost` मध्ये 5 टाका. `Shipping classes` मध्ये भडंगासाठी वेगळा वर्ग करा आणि त्याच्या खर्चात हे लिहा:

```
90 * [qty]
```

`Calculation type` ला `Per class` ठेवा. चकलीसाठी दुसरा वर्ग. तिथे एका पाकिटाला 95 आणि पुढे प्रत्येकी 45 लागतील, म्हणून:

```
45 + 45 * [qty]
```

खाऊवाली_रंकाळा

करून बघितलं. भडंग दोन, 185 दाखवलं. चकली दोन, 140. पण एक भडंग आणि एक चकली टाकली तर 185 दाखवतं. ते मी खरंच खोक्यात भरून मापलं: 30 × 20 × 11 मध्ये बसतं. 1.32 किलो, म्हणजे दीडचा टप्पा, 139 रुपये. गिऱ्हाइकाकडून 45 जास्त जातायत.

वेबकाम_पुणेकर

बरोबर पकडलंत. दोन्ही वर्ग स्वतंत्र मोजले जातात, एका खोक्यात एकत्र बसतात हे त्याला कळत नाही. चकलीचे सुरुवातीचे 45 काढले तर मिश्र ऑर्डर बरोबर येईल, पण नुसती चकली मागवणाऱ्यामागे तुमचे 45 जातील. खोकी ओळखून हिशोब करणारे प्लगइन मिळतात, पण त्यांना दरवर्षी पैसे मोजावे लागतात. महिन्याला तीस-चाळीस ऑर्डरींना मी ते सुचवणार नाही.

शाहूपुरी_पार्सल

मी असतो तर 45 काढले असते. गिऱ्हाइकाकडून जास्त घेणं मला पटत नाही.

वेबकाम_पुणेकर

दादा, नुसत्या चकलीच्या ऑर्डरी जास्त असतील तर ताईंच्या खिशातून किती जाईल? आधी दोन महिन्यांच्या ऑर्डरी बघायला हव्यात.

पेठेतला_भाऊ

म्हणून म्हणतोय, सगळं किमतीत घाला आणि फ्री लिहा.

खाऊवाली_रंकाळा

भाऊ, त्यात एक अडचण आहे. माझी अर्धी गिऱ्हाइकं कोल्हापुरातलीच आहेत. राजारामपुरीत, कळंब्याला माझा भाचा मोटारसायकलवर देऊन येतो, 30 रुपयांत काम होतं. पुण्याचा खर्च मी भडंगाच्या किमतीत घातला तर शेजारच्या गल्लीतल्या वहिनींनी मुंबईच्या पार्सलचे पैसे का द्यायचे? महाद्वार रोडवर त्यांना भडंग समोर मिळतंच की.

वेबकाम_पुणेकर

हे अगदी खरं. शहराचा झोन वेगळा करा. पिनच्या चौकटीत असं लिहा:

```
416001...416012
```

आणि हा झोन यादीत महाराष्ट्राच्या वर ओढून ठेवा. वूकॉमर्स वरून खाली बघत जातं आणि पहिला जुळेल तो झोन धरतं. महाराष्ट्र वर राहिला तर रंकाळ्याच्या पत्त्यालाही कुरिअरचा दर दाखवेल. आणि `416*` लिहायचा मोह टाळा. इचलकरंजी, जयसिंगपूर, सांगली तर त्यात येतातच, सावंतवाडी-मालवणही 416 नेच सुरू होतात. 30 रुपयांत मालवणला भडंग द्यावं लागेल.

पन्हाळा_रोड

पिनवर पूर्ण विसंबू नका. शहरातल्या पोस्टाच्या पिनखाली बाहेरची गावंही असतात. मी दूध घालतो, हा घोळ रोजचा. पत्ता वाचूनच ऑर्डर पक्की करा.

निपाणीकर

ताई, निपाणीला पाठवता का? कोल्हापूरहून तासाभराचं अंतर. साइटवर पिन टाकला तर डिलिव्हरीचा पर्यायच येत नाही.

पेठेतला_भाऊ

पाठवा की ताई. जीएसटीचं भ्या असेल तर 40 लाखापर्यंत मालाला नोंदणी लागतच नाही.

शाहूपुरी_पार्सल

भाऊ, ते 40 लाख आपल्या राज्यातल्या विक्रीपुरते. निपाणी कर्नाटकात. माल दुसऱ्या राज्यात विकायचा म्हटलं की उलाढाल कितीही लहान असो, आधी नोंदणी लागते. सेवा देणाऱ्यांना यात सूट आहे, खाऊला नाही. कागलचा नाका ओलांडला की नियम बदलला. आपल्याकडे हे फार जणांच्या लक्षात येत नाही, कारण निपाणी, बेळगाव आपल्याला परगाव वाटतच नाही.

खाऊवाली_रंकाळा

निपाणीकर, माझ्या सीएंनी हेच सांगितलं म्हणून सध्या महाराष्ट्राबाहेरचा झोनच ठेवलेला नाही, त्यामुळे तिथे ऑर्डर पुढे जात नाही. नोंदणी केली तर दर वेळी विवरणपत्र भरणं आलं, सीएंची फी आली. बेळगाव-निपाणीची मागणी तेवढी आहे का ते बघतेय. आपण कोल्हापुरात आलात तर घरून घेऊन जा, माल तयार ठेवीन.

आता पैशांचं विचारते. सध्या तीन मार्ग ठेवलेत. क्यूआर कोड पाठवते आणि लोक स्क्रीनशॉट टाकतात. दुसरा पेमेंट गेटवे. तिसरा कॅश ऑन डिलिव्हरी. मागच्या महिन्यात एकाने 640 चा स्क्रीनशॉट पाठवला, मी घाईत माल रवाना केला. रात्री खातं बघितलं तर पैसे आलेलेच नव्हते. नंबर बंद.

कसबा_बावडा_मेडिकल

आमच्या दुकानात स्क्रीनशॉट चालतच नाही. स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम आणि पावती क्रमांक जुळला तरच माल. स्क्रीनशॉट पाच मिनिटांत बनवता येतो.

वेबकाम_पुणेकर

क्यूआर ओळखीच्यांपुरता ठेवा, बाकी सगळं गेटवेमधून. त्यात ऑर्डर आणि पैसे एकमेकांना आपोआप जुळतात. कार्डावर साधारण 2 टक्के आणि त्या फीवर 18 टक्के जीएसटी धरा. दोन भडंग आणि डिलिव्हरी मिळून 505 ची ऑर्डर असेल तर 12 रुपयांच्या आसपास. लक्षात घ्या, डिलिव्हरीच्या 185 वरही फी लागते. यूपीआयवर जानेवारी 2020 पासून बँकेचं शुल्क नाही, पण गेटवे स्वतःची फी लावू शकतो, करार वाचा. पैसे साधारण दोन कामाच्या दिवसांनी खात्यात येतात, दिवाळीच्या खरेदीचं भांडवल त्या हिशोबाने धरा.

एक गोष्ट आजच तपासा. गेटवेच्या पानावर वेबहुक, म्हणजे पैसे आल्याचं दुकानाला आपोआप कळवणारी जोडणी, जोडलाय का?

खाऊवाली_रंकाळा

तोच प्रकार असेल का? दोन जणींचे पैसे कापले गेले आणि दुकानात ऑर्डर `Pending payment` दिसत होती. तासाभराने आपोआप रद्द झाली. एकीने मला फार बोल लावले, आणि तिचं चुकलं नव्हतं.

वेबकाम_पुणेकर

तोच. यूपीआयने पैसे देऊन बाई ॲपमध्येच राहिली, तुमच्या पानावर परत आली नाही, तर वेबहुकशिवाय दुकानाला पैसे आल्याचं कळत नाही. `Hold stock (minutes)` मूळचं 60 असतं, ते संपलं की ऑर्डर रद्द. वेबहुक जोडा, एक रुपयाची ऑर्डर टाकून पैसे भरल्यावर मुद्दाम ब्राउझर बंद करा. दोन मिनिटांत ऑर्डर `Processing` झाली तर जोडणी नीट आहे. तोवर रोज रात्री गेटवेची यादी आणि दुकानाची यादी शेजारी ठेवून बघा.

शाहूपुरी_पार्सल

आणि कॅश ऑन डिलिव्हरी गावाबाहेर बंद करा. किती परत आलीत आजवर?

खाऊवाली_रंकाळा

बाहेरगावच्या 11 पैकी 3. एक घरी नव्हते, एकीने "मी मागवलंच नाही" म्हटलं, एकाने दार उघडलं नाही.

शाहूपुरी_पार्सल

मग बघा. जायचे 184, यायचे साधारण तेवढेच, 368 रुपये. माल 320 चा, आणि दोनदा गाडीत आपटून आलेलं भडंग तुम्ही परत विकणार नाही. एक परत आलेलं पार्सल चार-पाच चांगल्या ऑर्डरींचा नफा घेऊन जातं.

वेबकाम_पुणेकर

`Cash on delivery` च्या सेटिंगमध्ये `Enable for shipping methods` आहे. तिथे फक्त शहराच्या झोनची पद्धत निवडा. पुण्याच्या गिऱ्हाइकाला तो पर्याय दिसणारच नाही.

कागलची_लेक

मी पुण्यात राहते, मी गिऱ्हाईक म्हणून सांगते. नवीन दुकान असेल तर मी आधी पैसे देत नाही. खाऊ कसा असेल, येईल की नाही, काहीच माहीत नसतं. सीओडी बंद केलंत तर माझ्यासारख्या जातील. डिलिव्हरीचे पैसे आधी आणि मालाचे दारात, असं काही करता येईल का?

शाहूपुरी_पार्सल

तसं काही लोक करतात. पण परतीचे 184 तरी ताईंच्याच अंगावर येतात.

कागलची_लेक

मान्य. पण 320 च्या मालावर 185 डिलिव्हरी बघूनच मी पान बंद केलं असतं, हेही सांगते.

खाऊवाली_रंकाळा

कागलची लेक, तुमचं वाचून रात्रभर डोक्यात तेच होतं. सकाळी ओट्यावर खोकं मांडलं. 30 × 20 × 15 चं खोकं घेतलं की मी दोन किलोचे पैसे भरतेच, आणि दोन भडंगांचं वजन मात्र 1150 ग्रॅम. म्हणजे 850 ग्रॅम वजन फुकट जातंय. मग एक भडंग काढलं आणि त्या जागी शेंगदाण्याचे लाडू ठेवले. लाडू जड, जागा थोडी. अर्ध्या किलोचे दोन डबे सहज बसले, वर बोटभर जागा उरली तिथे कागदाचा बोळा घातला. काट्यावर 1790 ग्रॅम. कुरिअरचे तेच 184.

माल 160 चं भडंग आणि 400 चे लाडू, 560 चा झाला. म्हणजे डिलिव्हरी मालाच्या 58 टक्क्यांवरून 33 वर आली. डबे तळाला, भडंग वर, म्हणजे लाडवाच्या वजनाने चुरा होत नाही. "कोल्हापूरचा डबा" नावाने तो एकच माल म्हणून दुकानात टाकला, त्याला वेगळा वर्ग करून 180 लावले, मूळचे 5 धरून 185. भडंग आणि चकलीचाही असाच जोड-डबा केला, त्याला 135, म्हणजे 140 होतात. त्यामुळे मिश्र ऑर्डरीचं निम्मं दुखणं गेलं. सुटी पाकिटं कोणी स्वतः एकत्र केली तर अजून जास्त जातात, तिथे मी 45 परत पाठवते.

सुटं भडंग बाहेरगावी किमान दोन पाकिटं असं लिहिलंय. सीओडी शहरापुरतं ठेवलं. वेबहुक जोडला, ब्राउझर बंद करून तपासला, ऑर्डर `Processing` झाली.

पेठेतला_भाऊ

ताई, डबा लई भारी. माझा मेव्हणा ठाण्याला हाय, एक लावा त्याला. पैसे आत्ता भरतो, आधी.

खाऊवाली_रंकाळा

आली भाऊ तुमची ऑर्डर. उद्या दुपारी खोकं बंद करते, तिन्ही फोटो काढून ठेवते. हबवर 1.8 लागलं की 2.08 ते इथेच कळवेन.

सांगलीच्या_काकू

लाडवात गूळ पातळ झाला तर डब्यातून तेल सुटून भडंगाच्या पाकिटाला लागेल हो. डब्यावर बटर पेपर घाल.

खाऊवाली_रंकाळा

घालते काकू. आणि कागलची लेक, डिलिव्हरी आधी, माल दारात, हा पर्याय मी पुण्यापुरता महिनाभर चालवून बघणार आहे. परतीची पार्सलं मोजते आणि मग बोलू.